रांगत्या बाळासाठी हॉल: कोपऱ्यांच्या आधी कपाट भिंतीला बांधा

प्रश्न: "मुलगी आठ महिन्यांची आहे, गेल्याच आठवड्यापासून रांगते. हॉलमध्ये काचेचं सेंटर टेबल, टीव्ही ठेवलेलं चार खणांचं कपाट आणि मागे वायरींचा गुंता आहे. घर भाड्याचं आहे. कोपऱ्यांना फोम लावून ठेवला तर पुरेल का? नक्की सुरुवात कुठून करू?"

ताई, फोम लावा, पण तो शेवटी. आधी ते चार खणांचं कपाट, मग वायरी आणि त्यानंतर कोपरे, या क्रमानं जा. मी सतरा वर्षं घरोघरी फर्निचर बनवून बसवतो. लहान मूल असलेल्या घरातून बोलावणं आलं की बहुतेक वेळा कोपऱ्यांना पट्ट्या लागलेल्या असतात आणि कपाट मात्र नुसतंच भिंतीला टेकवून उभं असतं. कोपऱ्यावर आपटून टेंगूळ येतं, फार तर खोक पडते. कपाट अंगावर आलं तर बाळाला त्याखालून निघता येत नाही आणि श्वासही घेता येत नाही. शिवाय ते इतकं झटकन होतं की शेजारच्या सोफ्यावर बसलेल्या माणसालाही उठून पोचता येत नाही.

दुसरं म्हणजे, हॉल आजच्या रांगणाऱ्या मुलीसाठी लावून चालणार नाही. आठव्या ते दहाव्या महिन्याच्या सुमारास बहुतेक मुलं काहीतरी धरून उभी राहायला लागतात. काही त्याआधीच राहतात. तेव्हा हाताच्या टप्प्यात येणारी प्रत्येक गोष्ट त्यांच्यासाठी धरायची कडी असते. खणाची मूठ, लोंबणारी वायर, टेबलावरच्या कापडाचं टोक, सगळं सारखंच. त्यामुळे मी खोलीत गेलो की दोनच गोष्टी बघतो: बाळाला काय धरता येईल, आणि ते धरून ओढलं तर वरून काय खाली येईल.

कपाट कसं पडतं ते एका घरातल्या उदाहरणावरून सांगतो. तिथे नऊ महिन्यांची मुलगी आणि तिचा चार वर्षांचा भाऊ होता. कपाट जेमतेम कमरेइतकं, ८० सेंटिमीटर उंच आणि ४० सेंटिमीटर खोल. चार खण. एवढं बुटकं कपाट कुठे पडतंय, असं घरच्यांना वाटत होतं. हाताने हलवून बघितलं तर ते हलतही नव्हतं. एक दिवस भावाने आपली गाडी शोधायला एकेक करून चारही खण ओढले आणि तो तसाच निघून गेला. मागून बहीण रांगत आली, खालच्या खणाला हात घालून उठायला लागली आणि कपाट पुढे आलं. समोर सोफ्याचा भक्कम हात होता, त्यावर ते अडकलं. मुलगी त्या तिरप्या कपाटाखाली बसून रडत होती. तिला काही लागलं नाही, पण सोफा एक फूट पलीकडे असता तर काय झालं असतं, हे त्या आईला वेगळं सांगावं लागलं नाही.

मी गेलो तेव्हा कपाट मोजलं. रिकामा सांगाडा २२ किलोचा आणि सामानासकट प्रत्येक खण ५ किलोचा, म्हणजे एकूण ४२ किलो. आता यात लपलेली गोष्ट बघा. दिसायला छान म्हणून पुढचे पाय कपाटाच्या दर्शनी बाजूपेक्षा ५ सेंटिमीटर आत घेतलेले होते. कपाट पुढे कलंडतं ते त्याच पायांच्या रेषेवर. कपाटाचं वजन मध्यावर धरलं तर ते त्या रेषेच्या १५ सेंटिमीटर मागे येतं. ४२ गुणिले १५ म्हणजे ६३०. कपाटाला मागे धरून ठेवणारा जोर एवढा समजा. सगळे खण बंद असताना तो भरपूर आहे, म्हणून हाताने हलवलं तरी कपाट हललं नाही.

एक खण ३० सेंटिमीटर बाहेर काढला की त्यातलं ५ किलो वजन तेवढंच पुढे सरकतं आणि ६३० मधून १५० वजा होतात. चारही खण बाहेर काढले की ६०० गेले, उरले फक्त ३०. मुलगी ज्या कडेला लोंबकळली ती पायांच्या रेषेच्या ३५ सेंटिमीटर पुढे होती. तिथे नुसता एक किलोचा भार पडला तरी तो ३५ होतो, म्हणजे उरलेल्या ३० पेक्षा जास्त. नऊ किलोच्या मुलीने पूर्ण भार टाकायचीही गरज नव्हती, हात ठेवून उठायला लागली तेवढंच पुरलं.

हा हिशेब मुद्दाम एवढा सविस्तर सांगितला, कारण यातून दोन गैरसमज जातात. पहिला, बुटकं कपाट सुरक्षित असतं हा. अमेरिकेत १ सप्टेंबर २०२३ पासून कपड्यांच्या खणांच्या कपाटांना पडण्याविरुद्धचा कडक नियम सक्तीचा झाला. तो २७ इंच, म्हणजे साधारण ६९ सेंटिमीटर उंचीपासूनच लागू होतो. त्यातल्या चाचण्यांमध्ये ६० पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे २७ किलोच्या मुलाचा भार, एकाच वेळी उघडे असलेले अनेक खण आणि खाली गालिचा असणं या सगळ्या गोष्टी धरलेल्या आहेत. दुसरा गैरसमज म्हणजे खालच्या खणात जड सामान भरलं की काम झालं. खण बंद असतील तर त्याचा उपयोग होतो. पण तोच जड खण बाहेर आला की ते सगळं वजन कपाटाला पुढे ओढतं. म्हणून जड सामान खालीच ठेवा, पण खणांना कुलूप किंवा बाळाला न उघडणारी खिटी लावून.

आता कपाट बांधायचं कसं ते सांगतो. मी धातूच्या दोन एल पट्ट्या वापरतो, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. पट्टीची एक बाजू कपाटाच्या वरच्या फळीला आणि दुसरी भिंतीला. सगळ्यात जास्त चूक कपाटाच्या बाजूला होते. लोक पट्टी मागच्या पातळ पाठीला मारतात. ती पाठ तीनेक मिलिमीटरची असते आणि नुसती बारीक खिळ्यांवर धरलेली असते. कपाट पुढे गेलं की पाठ भिंतीला चिकटून राहते आणि कपाट सुटून येतं. स्क्रू वरच्या किंवा बाजूच्या जाड फळीतच जायला हवा. फळी १८ मिलिमीटरची असेल तर १६ मिलिमीटरचा स्क्रू घ्या, म्हणजे तो आरपार निघणार नाही.

भिंतीच्या बाजूला सगळं भिंत कशाची आहे यावर अवलंबून आहे. विटांची असेल तर ८ मिलिमीटरचं भोक पाडा आणि ड्रिलमधून पडणाऱ्या भुकटीकडे लक्ष ठेवा. आधी गिलाव्याची राखाडी किंवा पांढरी भुकटी येते, मग लाल यायला लागते. लाल म्हणजे वीट लागली. गिलावा साधारण १५ मिलिमीटरचा असतो आणि त्याला धरून ठेवायची ताकद नसते. त्यामुळे ५० मिलिमीटरची गिट्टी, म्हणजे स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची नळी, गिलाव्याच्या मागे, पूर्ण विटेत बसेपर्यंत आत ढकला आणि स्क्रू ७० मिलिमीटरचा घ्या. ड्रिल मध्येच धसकन आत गेलं किंवा गिट्टी बोटाने गोल फिरायला लागली, तर ते भोक सोडून द्या आणि दोन-तीन इंच बाजूला नवीन पाडा. काडी किंवा कागद कोंबून घट्ट केलेली गिट्टी सहा महिन्यांत ढिली होते. भिंत पोकळ पॅनेलची असेल तर साधी गिट्टी चालणारच नाही. आतली उभी पट्टी शोधून तिच्यातच स्क्रू घ्यावा लागतो, किंवा पॅनेलच्या मागे पंख उघडणारा बोल्ट लागतो. आणि कोणतीही भिंत असो, स्विच किंवा प्लग पॉइंटच्या सरळ वर, सरळ खाली किंवा त्याच रेषेत आडवं भोक पाडू नका, आतून वायर गेलेली असते.

खाली स्कर्टिंग असेल तर कपाट भिंतीपासून बोटभर पुढे राहतं. त्या फटीत वरच्या बाजूला तेवढ्याच जाडीचा लाकडाचा तुकडा घाला आणि मग पट्टी आवळा. पट्ट्यांऐवजी नायलॉनचा पट्टा लावणार असाल तर तो ताणलेलाच हवा. ढिला असेल तर कपाट आधी वेग घेतं आणि मग पट्ट्याला जोराचा हिसका बसतो. केबल बांधायच्या प्लॅस्टिक टायसारखे पट्टे मी लावत नाही. प्लॅस्टिक जुनं झालं की ठिसूळ होतं आणि बाहेरून काही कळत नाही.

तुमचं घर भाड्याचं आहे, तरी घरमालकाशी एकदा बोलाच. मोजून चार भोकं पाडायची असतात आणि घर सोडताना पुट्टी भरून रंगाचा हात मारला की ती दिसतही नाहीत. "भिंतीला भोक पाडू का" असं विचारलं तर नाही म्हणतील. "बाळावर कपाट पडू नये म्हणून दोन पट्ट्या मारायच्या आहेत, जाताना बुजवून देईन" असं सांगितलं की माझ्या अनुभवात बहुतेक जण हो म्हणतात.

तरीही नकार आला तर माझं मत स्पष्ट आहे: ते कपाट दीड-दोन वर्षं हॉलमधून हलवा, शक्यतो दार बंद राहणाऱ्या खोलीत. तेही जमणार नसेल तर चार गोष्टी एकत्र करा. टीव्ही त्यावरून उतरवा. सगळे खण खिटीने बंद करा. पाय आत घेतलेले असतील आणि उघडून निघत असतील तर काढून टाका, म्हणजे कपाट तळावर सपाट बसेल आणि कलंडायची रेषा पुढे येईल. कपाट गालिच्याच्या कडेवर असेल तर तिथून काढा, कारण मागची बाजू गालिच्यावर आणि पुढची फरशीवर असली की कपाट आधीच पुढे झुकलेलं असतं. उलट पुढच्या बाजूखाली ५ मिलिमीटरची चपटी पट्टी सरकवली तर ते किंचित भिंतीकडे रेलतं. एवढं करूनही ते बांधलेल्या कपाटाइतकं भक्कम होत नाही. त्यामुळे त्या खोलीत मुलीला एकटीला सोडू नका.

आपण केलेलं काम पक्कं झालं की नाही ते असं तपासा. मुलीला दुसऱ्या खोलीत ठेवा आणि एका मोठ्या माणसाला कपाटाच्या बाजूला उभं राहून वरची कड धरायला सांगा. समोर कोणी उभं राहू नका. चारही खण उघडा आणि सगळ्यात वरच्या खणाच्या पुढच्या टोकाला पाण्याच्या बाटल्या एकेक करून ठेवत जा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दहा लिटरपर्यंत मागचे पाय फरशी सोडत नाहीत ना, ते वाकून बघा. पट्टीजवळच्या भिंतीला बारीक चीर गेली किंवा भुकटी पडली तर गिट्टी गिलाव्यातच अडकली आहे, विटेत गेलेली नाही.

टीव्हीचं थोडक्यात. चपटा टीव्ही हलका असतो, पण त्याचे पाय अरुंद असतात आणि काठावर बोटं घालून ओढला की तो सहज पुढे येतो. भिंतीवर लावता आला तर उत्तम. नसेल तर त्याच्या पाठीवर ब्रॅकेटसाठी जी चार भोकं असतात, त्यांतल्या दोनांतून पट्टे घेऊन ते भिंतीला बांधा. नुसतं कपाटाला बांधू नका. कपाट मोकळं असेल तर दोन्ही मिळून पडतील. त्या भोकांत टीव्हीसोबत सांगितलेल्या लांबीचाच स्क्रू घाला, लांब स्क्रू आतल्या भागांना लागतो. आणि रिमोट किंवा खेळणं कपाटावर ठेवायची सवय आजच सोडा. मूल चढतं ते वर हवीशी वस्तू दिसते म्हणून.

वायरींबद्दल सगळ्यांना विजेची भीती वाटते आणि ती बरोबरच आहे. पण मी वायर आधी दोरी म्हणून बघतो. तिच्या दुसऱ्या टोकाला काय आहे? टेबलावरचा दिवा, सेट टॉप बॉक्स, स्पीकर, इस्त्री? मुलगी वायर ओढेल आणि ती वस्तू थेट तिच्या डोक्यावर येईल. म्हणून पहिलं काम म्हणजे वायरीची लोंबणारी लांबी संपवणं. जास्तीची वायर उपकरणाच्या मागे सैल गुंडाळी करून बांधा. घट्ट पिळून बांधू नका, जास्त वीज खेचणाऱ्या उपकरणाची वायर गुंडाळीत तापते. मग ती कपाटाच्या मागच्या कडेने खाली घ्या आणि स्कर्टिंगच्या वरून केसिंग पट्टीत बसवा. नुसत्या चिकटपट्टीवर लावलेली केसिंग बाळ नखाने उचकटतं, त्यामुळे दर दोन फुटांवर एक स्क्रू द्या. भाड्याच्या घरात स्क्रू नको असेल तर वायर सोफ्याच्या किंवा बांधलेल्या कपाटाच्या मागून न्या, जिथे तिचा हात पोचणार नाही. गालिच्याखालून नेऊ नका. पायाखाली वायरीचं आवरण झिजतं, उष्णता अडकते आणि काही बिघडलं तरी दिसत नाही.

एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका. एका घरात मी बोर्ड उचलला तर एका प्लगवर दातांचे बारीक ठसे होते. तो प्लग अर्धवट बाहेर आलेला होता आणि पिना व बोर्ड यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट होती. बोर्ड कपाटाच्या मागच्या बाजूला स्क्रूने उंचावर लावा किंवा झाकणाच्या पेटीत ठेवा. पेटीला वायर जाण्यापुरती आणि हवा खेळण्यापुरती फट हवी. भिंतीतले पॉइंट प्लग काढला की भोकं आतून झाकणारा पडदा असलेले असतील तर सर्वात चांगलं. भोकात खोचायची प्लॅस्टिकची झाकणं लावणार असाल तर ती नखाने निघतात का ते आधी स्वतः बघा, कारण निघालेलं झाकण सरळ तोंडात जातं. घराच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लगेच पुरवठा तोडणारं बटण, आहे का, हे इलेक्ट्रिशियनला विचारा आणि त्यावरचं टेस्ट बटण दाबून ते पडतं का बघा. खिडकीच्या पडद्याची किंवा ब्लाइंडची दोरीही याच वेळी वर गुंडाळून खुंटीला बांधा. तिचा लोंबणारा फास बाळाच्या गळ्यात अडकू शकतो.

आता तुमचा मूळ प्रश्न, कोपरे. काचेचं टेबल असेल तर मी सरळ सांगतो, ते वर्षभर बाहेर काढा. फोम कोपऱ्याला लागतो, काचेला नाही. मूल धरून उभं राहतं आणि काचेवर दोन्ही हातांनी थापट्या मारतं. काच कडक केलेली आहे की साधी, ते बाहेरून बघून खात्रीने सांगता येत नाही. साधी फुटली तर तिचे लांब धारदार तुकडे होतात. शिवाय बऱ्याच टेबलांवर काच नुसती रबराच्या बुचांवर ठेवलेली असते, एका बाजूने दाब आला की दुसरी बाजू उचलली जाते. टेबल काढल्यावर हॉलच्या मध्यात रांगायला मोकळी जागा मिळते हा वेगळा फायदा.

बाकीच्या लाकडी फर्निचरला फोम लावताना नुसतं टोक नको, कडही झाका. अडखळलेलं मूल कपाळावर पडतं ते बहुतेक वेळा लांब कडेवर. साधारण १२ मिलिमीटर जाडीची, रबरासारखी मऊ एल आकाराची पट्टी घ्या. तिच्यावर अंगठा दाबला तर खालचं लाकूड जाणवता कामा नये. लावण्याआधी कड स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. मग पट्टी दाबून लावा आणि एक दिवस मुलीचा हात तिथे पोचू देऊ नका. तेलकट हात लागलेल्या कडेवर लावलेली पट्टी आठवड्यात सुटते. कोपऱ्याच्या पारदर्शक गोट्यांपासून मात्र सावध राहा. लहान मुलांच्या खेळण्यांसाठी एक चाचणी नळी असते, तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंच. त्या नळीत पूर्ण मावणारी वस्तू बाळाच्या घशात अडकू शकते असं धरतात. बऱ्याच गोट्या सुटल्या की त्यात मावतात. फोमचा चावून तोडलेला तुकडाही मावतो. त्यामुळे दर आठवड्याला एकदा सगळ्या पट्ट्यांवरून नख फिरवा. कड उचललेली किंवा दातांचे ठसे असतील तर तो तुकडा त्याच दिवशी काढून टाका. भरीव लाकडाचं टेबल असेल तर सुताराकडून त्याचे कोपरे घासून गोल करून घ्या, तिथे सुटण्यासारखं काहीच उरत नाही. लॅमिनेट लावलेल्या फळीला मात्र हे जमत नाही, तिच्यातला भुसा उघडा पडतो.

उभा पंखा, उंच दिवा, झाडाच्या कुंडीचा स्टँड आणि घडीची खुर्ची या चार गोष्टी बांधून उपयोग नाही. त्या काही महिने हॉलच्या बाहेरच ठेवा. मुलगी धरून उभी राहायला लागली की त्याच दिवशी आणि पहिल्यांदा सोफ्यावर चढली की पुन्हा एकदा, सगळ्या पट्ट्यांचे स्क्रू स्क्रूड्रायव्हरने तपासा. सोफ्यावरून हात कुठे पोचतो ते तिच्या उंचीला बसून बघा. तोपर्यंत कपाटाची आणि भिंतीची माहिती इथे लिहिलीत, म्हणजे पाय आत आहेत का, स्कर्टिंग किती जाड आहे आणि भिंतीवर टिचकी मारली की आवाज भरीव येतो की पोकळ, तर कोणती पट्टी आणि कोणता स्क्रू घ्यायचा ते नेमकं सांगतो.